हिरव्या कड्या मोजून इलेक्ट्रॉनची तरंगलांबी कशी काढायची, आणि चेंडूची का दिसत नाही

नागपुरात मे महिन्यात इलेक्ट्रॉन विवर्तनाचं प्रॅक्टिकल लावणं ही एक शिक्षाच असते. प्रयोग अंधारात करावा लागतो, म्हणून खिडक्यांना काळे पडदे. पडदे लावले की वारा बंद. कूलर बाहेरच्या व्हरांड्यात, त्याची घरघर तेवढी आत येते, गारवा येत नाही. पण त्या घरघरीमुळेच मला दरवर्षी हा विषय सुरू करायला आयतं उदाहरण मिळतं.

मी मुलांना दारापासून बाजूला, भिंतीच्या आडोशाला उभं करतो आणि विचारतो, "कूलर ऐकू येतो?" येतो. "व्हरांड्यातली ट्यूबलाइट दिसते?" दिसत नाही. दोन्ही लाटाच, दार एकच. कूलरच्या घरघरीतला दोनशे हर्ट्झचा सूर घेतला तर त्याची तरंगलांबी पावणेदोन मीटरच्या आसपास भरते आणि दार आहे नव्वद सेंटीमीटरचं. लाट दारापेक्षा मोठी, म्हणून ती दारातून आत येताच सगळीकडे पसरते. उजेडाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी. तिच्या मानाने ते दार म्हणजे अठरा लाख पट मोठं मैदान, म्हणून उजेड सरळ निघून जातो आणि आडोशाला सावली राहते.

पुढचं सगळं या एका तुलनेवर उभं आहे. फटीतून जाताना लाटेचं असं पसरणं म्हणजेच विवर्तन. लाट किती पसरेल, हे नुसत्या लाटेवर ठरत नाही, तिला भेटणाऱ्या फटीवरही ठरतं. पसरण्याचा कोन अंदाजे तरंगलांबी भागिले फटीची रुंदी एवढा असतो. ‘इलेक्ट्रॉन लहान असतो म्हणून तो लाटेसारखा वागतो’ हे उत्तरपत्रिकेतलं वाक्य मला म्हणूनच खटकतं. तोच इलेक्ट्रॉन जुन्या टीव्हीच्या नळीत अगदी गोळीसारखा सरळ जायचा. त्याकडे नंतर येतो.

आधी कागदावर: तरंगलांबी किती यायला हवी

१९२४ साली लुई द ब्रॉय यांनी आपल्या प्रबंधात मांडलं की चालत्या प्रत्येक वस्तूला एक तरंगलांबी असते, आणि ती संवेगाच्या व्यस्त प्रमाणात असते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग.

```
λ = h / p = h / (m v)
h = 6.626 × 10⁻³⁴ J·s
```

ही h म्हणजे प्लांकचा स्थिरांक. दशांशचिन्हानंतर तेहेतीस शून्यं आणि मग सहा. अंश इतका लहान असल्यावर λ जाणवण्याइतकी यायला छेदसुद्धा तसाच लहान हवा, हे इथेच दिसतं.

आमच्या नळीत इलेक्ट्रॉनला वेग येतो तो व्होल्टेजमुळे. तापलेल्या फिलामेंटमधून तो सुटतो आणि V व्होल्टच्या फरकातून खेचला जातो. e हा इलेक्ट्रॉनचा विद्युतभार धरला तर त्याला मिळालेली ऊर्जा eV एवढी, म्हणून संवेग √(2meV). e, m, h या तिन्हींच्या किमती एकदाच घालून ठेवल्या की हाताशी ठेवायला एक सोपं सूत्र मिळतं:

```
λ (nm) = 1.226 / √V
```

४००० व्होल्ट घेऊ. वर्गमूळ ६३.२५, म्हणून λ = ०.०१९४ नॅनोमीटर. इलेक्ट्रॉनचा वेग या वेळी प्रकाशाच्या वेगाच्या आठव्या भागाइतका असतो. ‘मग सापेक्षतेची दुरुस्ती नको का?’ असं एखादा हुशार मुलगा विचारतोच. ५००० व्होल्टपर्यंत तिने तरंगलांबीत पाव टक्क्याहूनही कमी फरक पडतो आणि आपली मोजपट्टी त्याहून जाड आहे, तेव्हा सोडून द्यायची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एक लाख व्होल्ट वापरतात, तिथे हाच फरक पाच टक्क्यांच्या घरात जातो, तिथे नाही सोडता येत.

आता फट. ०.०१९४ नॅनोमीटरच्या लाटेसाठी फट कुठून आणायची? माणसाच्या हाताने कोरलेली कुठलीही साधी जाळी यासाठी फारच ढोबळ पडते. पण स्फटिकात अणूंच्या ओळी आयत्याच दशांश-दोन नॅनोमीटरच्या अंतरावर बसलेल्या असतात. हे अंतर लाटेपेक्षा दहा-अकरा पट मोठं आहे. म्हणजे पसरण्याचा कोन पाच अंशांच्या आसपास, आणि तो डोळ्यांना दिसतो. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांना अमेरिकेत निकेलच्या स्फटिकावरून हेच दिसलं. त्याआधी त्यांच्या नळीला अपघात झाला होता. निकेलवर गंज चढला, तो काढायला निकेल खूप तापवलं आणि त्यात नकळत मोठे स्फटिक तयार झाले. इलेक्ट्रॉन तेच, नळी तीच, पण अणूंच्या ओळी नीट लागल्यावर ५४ व्होल्टला ५० अंशांच्या कोनात इलेक्ट्रॉनच्या मोजणीत ठळक उंचवटा आला. त्याच वर्षी जी. पी. थॉमसन यांनी पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवून कड्या पाहिल्या. आमचं प्रॅक्टिकल या दुसऱ्या घराण्यातलं.

आता नळीपाशी

काचेचा गोल फुगा, आत निर्वात. एका टोकाला फिलामेंट, मध्ये बारीक जाळीवर ग्राफाइटचा अतिशय पातळ पापुद्रा, समोरच्या काचेवर आतून चमकणारा लेप. पापुद्र्यापासून लेपापर्यंतचं अंतर L, आमच्या नळीत १३५ मिलिमीटर. तुमच्या नळीचं माहितीपत्रकातून घ्या, बाहेरून पट्टी लावून काढू नका.

फिलामेंट आधी लावा आणि मिनिटभर तापू द्या. मगच उच्च व्होल्टेज हळूहळू चढवा. नळीतला प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये ठेवा. मिलिअँपिअरच्या पाव भागाकडे काटा जायला लागला की मागे या, कारण सगळी शक्ती त्या नखभर पापुद्र्यात उतरते. ग्राफाइट लालसर दिसलं तर तुम्ही ते जाळताय. आमच्याकडची एक नळी अशीच गेली. कडी ठळक दिसावी म्हणून कुणीतरी प्रवाह वाढवत नेला आणि नंतर मधोमध फक्त एक हिरवा ठिपका उरला. पापुद्र्याला भोक पडलं होतं, इलेक्ट्रॉन त्यातून सरळ जात होते. नळी वाया गेली खरी, पण फट मोठी झाली की लाट दिसेनाशी होते, याचा इतका महागडा पुरावा मी पुन्हा पाहिलेला नाही.

तीन हजार व्होल्टच्या पुढे मधल्या ठिपक्याभोवती दोन फिक्या हिरव्या कड्या उमटतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं द्या. एका स्फटिकातून तर ठिपके दिसायला हवेत, मग कड्या का? पापुद्र्यात असंख्य बारीक स्फटिक आहेत आणि प्रत्येक वेगळ्याच बाजूला वळून बसला आहे. प्रत्येकाचे ठिपके वेगळ्या दिशेला पडतात आणि सगळे मिळून वर्तुळ होतं. कड्या दोन, कारण ग्राफाइटमध्ये अणूंच्या ओळींची दोन अंतरं इथे कामाला येतात: ०.२१३ आणि ०.१२३ नॅनोमीटर. अंतर जेवढं लहान, तेवढी कडी मोठी. म्हणून आतली कडी ०.२१३ ची.

कडीचा व्यास D मोजला आणि तिच्या ओळींमधलं अंतर d घेतलं की:

```
λ = d × D / (2L)
```

मोजताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. कडी ही रेघ नाही, तिला दोन-अडीच मिलिमीटरची जाडी आहे. आतल्या कडेचा व्यास घ्या, बाहेरच्या कडेचा घ्या आणि मग सरासरी काढा. व्हर्निअरची टोकं काचेबाहेर आहेत आणि कडी काचेच्या आतल्या बाजूला, तेव्हा एका डोळ्याने, समोरून पाहा. आणि कागदाची पट्टी काचेला चिकटवून मोजू नका, कारण काच गोल असल्याने तुम्ही व्यासाऐवजी कंस मोजाल.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका गटाची वही समोर आहे. आतली कडी, ३००० व्होल्टला सरासरी व्यास २८.६ मिमी, ४००० ला २४.७, ५००० ला २२.१. मधला आकडा घेऊ:

```
λ = 0.213 × 24.7 / (2 × 135) = 0.0195 nm
```

कागदावर ०.०१९४ आलं होतं, इथे ०.०१९५. पट्टीने मोजलेल्या कडीतून आणि व्होल्टमीटरच्या काट्यातून, दोन अगदी वेगळ्या वाटांनी, एकच आकडा आला. ४००० व्होल्टलाच बाहेरची कडी ४२.१ मिमी भरली, तिच्यातून ०.०१९२ निघतं. हे थोडं कमी का? काच गोल आहे, त्यामुळे मधून बाहेर जावं तसा पडदा पापुद्र्याच्या दोन-तीन मिलिमीटर जवळ येतो आणि कडी अंमळ लहान पडते. चूक मुलांची नाही, नळीच्या आकाराची आहे.

आकडे विश्वासाचे आहेत की नाही, हे तपासायची माझी आवडती युक्ती म्हणजे प्रत्येक व्यासाला √V ने गुणणं. λ जर √V च्या व्यस्त प्रमाणात असेल तर गुणाकार बदलायला नको. वरचे तीन गुणाकार १५६६, १५६२, १५६३ येतात. शेजारच्या गटाने ४००० ला २३.४ लिहिलं होतं, त्यांचा गुणाकार १४८० आला आणि बाकीच्या ओळींत उठून दिसला. विचारल्यावर कळलं, तेवढी एक कडी त्यांनी फक्त आतल्या कडेने मोजली होती.

दुसरी नेहमीची चूक मोजण्यातली नाही, सूत्रातली आहे. प्रकाशकणाचं λ = hc/E हे सूत्र मुलं इलेक्ट्रॉनला लावतात, आणि उत्तर ०.३१ नॅनोमीटर येतं, सोळा पट मोठं. खरंच एवढी तरंगलांबी असती तर कडी नव्वद अंशांच्याही पलीकडे वळली असती, समोरच्या काचेवर पडलीच नसती. उत्तर आल्यावर ‘मग कडी कुठे पडेल?’ एवढं विचारलं तरी ही चूक पकडता येते.

कुणी शंका काढतं की काचेवर दिसतोय तो एखादा क्ष-किरण कशावरून नसेल. नळीच्या मानेजवळ साधा पट्टी-चुंबक न्या. ठिपक्यासकट दोन्ही कड्या सरकतात. क्ष-किरण चुंबकाने ढळत नाहीत. म्हणजे कडी उमटवणारी लाट ही इलेक्ट्रॉनचीच.

तोच इलेक्ट्रॉन टीव्हीत सरळ का जातो

पूर्वी घरोघरी जाड पाठीचे टीव्ही होते. रंगीत संचात वीसेक हजार व्होल्ट असत, म्हणजे λ साधारण ०.००८७ नॅनोमीटर. आमच्या नळीतल्यापेक्षा निम्म्याहून थोडी कमी, फार वेगळी नाही. पण वाटेत ग्राफाइट नव्हतं. इलेक्ट्रॉन ज्या भोकातून यायचे ते मिलिमीटरभर धरू. तरंगलांबी भागिले भोक, आणि त्याला चाळीस सेंटीमीटर अंतराने गुणा. पडद्यावर पसरणं येतं साडेतीन नॅनोमीटर, म्हणजे पंधरा-एक अणू शेजारीशेजारी मांडले तर जेवढी रुंदी होईल तेवढं. पडद्यावरचा ठिपकाच मुळात त्याच्या लाखपट रुंद. त्यामुळे टीव्ही बनवणाऱ्या इंजिनिअरला इलेक्ट्रॉन म्हणजे बारीक गोळी, एवढं समजून आयुष्य काढता आलं आणि त्यात त्याचं काही चुकलंही नाही.

जामठ्याच्या मैदानावर

आता क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू, ताशी १४० किलोमीटर. सेकंदाला ३८.९ मीटर.

```
λ = 6.626×10⁻³⁴ / (0.16 × 38.9) ≈ 1.1 × 10⁻³⁴ m
```

ही लांबी प्रोटॉनपेक्षाही सुमारे एक लाख कोटी-कोटी पट लहान आहे. पण नुसतं ‘फार लहान’ म्हणून थांबलं तर खरं कारण निसटतं. चेंडू ज्या फटीतून जायचा ती निदान सात सेंटीमीटरची हवी, नाहीतर तो अडकेल. म्हणजे लाट कमालीची लहान आणि फट मात्र सक्तीने मोठी. वस्तू दहापट मोठी केली, वेग तोच ठेवला, तर वस्तुमान हजारपट होतं, λ हजारपट घटते आणि फट दहापट वाढवावी लागते. पसरण्याचा कोन दहा हजारपट कमी. आकार वाढला की वस्तू असा दोन्हीकडून मार खाते. इलेक्ट्रॉन यातून सुटतो, कारण त्याचं वजन नगण्य आहे आणि त्याला अणूंच्या ओळींमधूनही जाता येतं.

दरवर्षी एकजण तरी विचारतो. यंदा उमरेडहून येणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, वेग छेदात हाये ना? मंग बॉल अगदी हळूच सोडला तं?"

प्रश्न पक्का आहे. आम्ही फळ्यावर करून पाहिलं. λ सात सेंटीमीटर हवी असेल तर वेग सेकंदाला ५.९ × 10⁻³² मीटर. या वेगाने विश्वाच्या सुरुवातीपासून, १३.८ अब्ज वर्षं, चेंडू चालत राहिला असता तरी आजवर अणूच्या रुंदीच्या चार हजाराव्या भागाइतका सरकला असता. तिने वही बंद केली नाही. "पण स्थिर ठेवला की झालं ना?" स्थिर ठेवता येत नाही, हीच तर अडचण. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत नुसत्या उष्णतेने चेंडूचं केंद्र सेकंदाला सुमारे तीन अणूंच्या रुंदीएवढ्या वेगाने थरथरत असतं. ऐकायला काहीच नाही, पण हव्या असलेल्या वेगाच्या तुलनेत हे अफाट आहे.

धुळीचा कण घेतला तरी सुटका नाही. एक मायक्रॉनचा कण, वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं धरा. त्याच उष्णतेतल्या त्याच्या थरथरीतून λ काढली तर ती प्रोटॉनच्या व्यासाच्याही नवव्या भागाएवढी येते. फट मात्र मायक्रॉनपेक्षा मोठी हवी.

मग सीमा कुठे आहे

अमुक ग्रॅमच्या वर लाट संपली, अशी रेघ निसर्गात सापडलेली नाही. १९९९ साली व्हिएन्नात साठ कार्बन अणूंचे फुटबॉलसारखे रेणू एका जाळीतून पाठवले गेले. वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर, λ साधारण ०.००२५ नॅनोमीटर. हे पुन्हा वाचा: लाट त्या रेणूच्या स्वतःच्या आकारापेक्षा शेकडो पट लहान होती. ‘लाट वस्तूएवढी मोठी असेल तरच दिसते’ हा समज तिथे मोडतो. गरज होती ती तुलना जमवण्याची. जाळीच्या फटी शंभर नॅनोमीटरच्या अंतराने होत्या, म्हणजे मीटरभर पुढे पट्टे पंचवीसेक मायक्रॉन सरकतात, आणि एवढं मोजता येतं. २०१९ पर्यंत याच शहरात पंचवीस हजारांहून जास्त अणुभाराच्या रेणूंचे पट्टे मिळाले.

तुलना जमली तरी एक गोष्ट घात करते. रेणूची लाट दोन फटींतून एकदम जाते तेव्हा तो कुठल्या फटीतून गेला याचा माग कुठेही राहता कामा नये. हवेचा एक रेणू वाटेत येऊन धडकला तरी माग राहतो, म्हणून हे सगळं निर्वातात करावं लागतं. व्हिएन्नाच्याच गटाने २००४ साली सत्तर कार्बनच्या रेणूंना वाटेत लेझरने तापवून पाहिलं. बाकी यंत्रात काहीच बदल नाही, वस्तुमान तेच, जाळ्या त्याच. रेणू जसजसे तापत गेले तसतसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी पुसले गेले. तापलेला रेणू स्वतःच उजेडाचे कण बाहेर टाकत होता, आणि त्या उजेडातून तो कुठे आहे हे बाहेर फुटत होतं.